तपासाची रोजनिशी : बंद पान केव्हा उघडते?

कोळवणसारख्या गावी पाणवठ्यावरून भांडण झाले आणि आपल्यापैकी एखादा तरुण आरोपी म्हणून धरला गेला, तर घरची माणसे प्रथम विचारतात, "फौजदाराने वहीत काय लिहिले आहे, ते आम्हांस दाखवा." नकार मिळाला की अन्याय झाला असे वाटते. तो नकार मात्र कायद्यास धरूनच असतो. खरा अन्याय घडतो तो पुढे, कोर्टात, आणि तोही आपल्या अज्ञानामुळे.

या वहीस केस डायरी म्हणतात. खबर कधी मिळाली, तपास कधी सुरू झाला व कधी थांबला, अधिकारी कोठे गेला, काय आढळले, हे तपासी अधिकाऱ्याने रोजच्या रोज तीत लिहावयाचे असते. पाने क्रमवार अंक घातलेल्या बांधीव वहीत असावीत, असा कायदा आहे. पूर्वी हा नियम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 172 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 192 मध्ये आहे. साक्षीदारांचे जबाबही या डायरीत असतात; परंतु त्यांच्या नकला आरोपीस दोषारोपपत्राबरोबर मिळतात. बंद राहते ती अधिकाऱ्याची रोजची नोंद.

न्यायाधीश डायरी मागवू शकतो, पण केवळ साह्य म्हणून. पुरावा म्हणून नव्हे. हैदराबाद राज्यातील हबीब मोहम्मद खटल्यात साक्षीपुराव्याविषयी बनविलेल्या मतास न्यायाधीशाने डायरीतून आधार शोधला, ही चूक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1953 साली ठरविले.

मग आरोपीस ती कधीच दिसत नाही काय? दिसते. समजा, साक्षीच्या पिंजऱ्यात अधिकारी म्हणाला, "पंचनामा चार वाजता कोळवणला केला," आणि वेळ सांगताना त्याने डायरीत पाहिले. त्याच क्षणी वकिलाने उठून म्हणावे, "साक्षीदाराने स्मरणासाठी जी नोंद पाहिली ती आम्हांस दाखवावी." त्या नोंदीत चार वाजता अधिकारी पौडला होता असे निघाले, तर उलटतपासणीत त्याला तेच विचारता येते. न्यायाधीशाने अधिकाऱ्यास खोडण्यासाठी डायरी वापरली, तरीही हा हक्क उत्पन्न होतो. मात्र हक्क त्या नोंदीपुरताच असतो, सबंध वहीवर नव्हे. अधिकारी वही न उघडता बोलला आणि न्यायाधीशानेही ती वापरली नाही, तर काहीच मिळत नाही. डायरी मागवून स्वतः पाहावी, अशी न्यायाधीशास विनंती तेवढी करता येते.

हा पडदा आपल्याच विरुद्ध आहे असे समजू नये. अत्याचाराची फिर्याद आपण देतो, तेव्हा गुपचूप खबर देणाऱ्या शेजाऱ्याचे नाव याच वहीत सुरक्षित राहते. म्हणून पडदा फाडा ही आमची मागणी नाही. सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्याच्या हाताकडे लक्ष ठेवा, आणि वही उघडताच वकिलास खूण करा. तो क्षण गेला, तर पान पुन्हा उघडेलच असे नाही.