तात्पुरता म्हणून आलेला आयकर गेला का नाही?

मार्च महिना आला की चिकलठाणा एमआयडीसीतील कामगार बंधू फॉर्म सोळा घेऊन मुकुंदवाडीत आमच्याकडे येतात. एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो : "वकीलसाहेब, हा टॅक्स इंग्रजांनी लढाईच्या खर्चासाठी तात्पुरता लावला होता म्हणतात. मग इंग्रज गेले, लढाई संपली, टॅक्स का राहिला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र बहुतेक जण "सरकारला सवय लागली" एवढ्यावर उरकतात. सवयीने कर टिकत नाहीत. तसे असते तर १८६० ते १८८६ या सव्वीस वर्षांत हाच कर दोनदा रद्द झाला नसता. तो दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा आल्यावर मात्र पक्का बसला. असे का झाले, हे तपासले की उत्तर सापडते.

विलायतेत विल्यम पिटने १७९९ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी आयकर लावला. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१६ मध्ये पार्लमेंटने तो काढून टाकला. पुढे १८४२ मध्ये रॉबर्ट पीलने तो "तीन वर्षांपुरता" म्हणून परत आणला आणि तो आजतागायत आहे. हिंदुस्थानात मात्र हीच गोष्ट अधिक उघड्या स्वरूपात घडली, म्हणून आपण आपल्याकडचीच पाहू.

१८५७ चा उठाव मोडून काढण्यासाठी जो खर्च झाला, त्याचे बिल इंग्रजांनी हिंदी जनतेच्याच नावे फाडले. तीन वर्षांत सुमारे तीन कोटी पौंडांची तूट आली. ती भरून काढायला जेम्स विल्सन नावाचा अर्थमंत्री लंडनहून पाठवण्यात आला. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्याने पहिला अर्थसंकल्प मांडला आणि त्याच वर्षी आयकराचा कायदा झाला. कलमे तब्बल २५९, मुदत पाच वर्षे. वर्षाला दोनशे रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्याला माफी, दोनशे ते पाचशेपर्यंत शेकडा दोन आणि त्यापुढे शेकडा चार. म्हणजे महिना पंचवीस रुपये पगाराच्या कारकुनाला वर्षाचे सहा रुपये पडत. त्या कायद्याने शेतीचे उत्पन्नही सोडले नव्हते. बंगालचे जमीनदार कायमधाऱ्याचा करार पुढे करून सूट मागत होते. विल्सनने त्यांचे ऐकले नाही.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. राजाला कर घेण्याचा अधिकार आहे हे पटवण्यासाठी या इंग्रज अर्थमंत्र्याने मनूचा दाखला दिला. त्याच मनूच्या सातव्या अध्यायात राजा भुकेने मरत असला तरी श्रोत्रिय ब्राह्मणाकडून कर घेऊ नये, असेही सांगितले आहे. तेवढे वाचायचे विल्सन विसरला असावा. त्याचा कायदा ब्राह्मणाला सोडत नव्हता, ही त्यातली चांगली बाजू.

विल्सन त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्याला मरण पावला. या कराला सर्वांत कडवा विरोध केला तो मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने. त्याने आपला विरोध वर्तमानपत्रातून जाहीर केला, म्हणून त्याला परत बोलावण्यात आले. पुढे तोच ट्रेव्हेलियन अर्थमंत्री होऊन आला आणि १८६५ मध्ये पाच वर्षांची मुदत संपताच त्याने कर संपू दिला. म्हणजे आयकर खरोखरच तात्पुरता होता आणि ठरल्या दिवशी तो गेला. इथपर्यंत सरकारने शब्द पाळला.

पण कर्ज कुठे गेले होते? उठावाच्या कर्जावरचे व्याज चालूच होते. गोऱ्या फौजेची संख्या उठावानंतर वाढवली होती, ती कमी झाली नाही. कराची मुदत संपली, खर्चाची संपली नाही. म्हणून दोनच वर्षांत, १८६७ मध्ये, धंद्यांवर लायसन्स टॅक्स आला, १८६८ मध्ये त्याचे नाव सर्टिफिकेट टॅक्स झाले आणि १८६९ मध्ये खुद्द आयकर परत आला. १८७३ मध्ये लॉर्ड नॉर्थब्रुकने तो पुन्हा काढला. सुखवस्तू वर्गाने सुटकेचा श्वास टाकला.

या वर्गाने टाकलेले ओझे कोणाच्या डोक्यावर आले, ते मिठाच्या पोत्यात पाहावे. मुंबई इलाख्यात मिठावर मणी एक रुपया तेरा आणे कर होता. १८७६ ते ७८ चा महादुष्काळ पडला, माणसे रस्त्यावर मरत होती, आणि नेमक्या त्याच काळात तो कर अडीच रुपयांवर नेण्यात आला. वर्षाला अर्धा मण मीठ लागणाऱ्या घराचा कर साडेचौदा आण्यांवरून सवा रुपयावर गेला. महारवाड्यातल्या घरालाही तितकाच आणि मुंबईच्या शेठच्या घरालाही तितकाच. सोबत व्यापाऱ्यांवर लायसन्स टॅक्स लावला. सांगितले असे, की हा पैसा दुष्काळनिवारणासाठी वेगळा ठेवला जाईल. तेवढ्यात १८७८ मध्ये दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले. दुष्काळाचा पैसा युद्धात गेला, हा आरोप त्या काळापासून आजपर्यंत होत आला आहे.

आता १८८६ कडे येऊ, कारण खरी कलाटणी तिथे आहे. त्या सुमाराला सरकारला चारी बाजूंनी पेच पडला होता. ब्रह्मदेशावर स्वारी करून १ जानेवारी १८८६ रोजी तो देश खालसा केला. अफगाण सरहद्दीवर रशियाची भीती होती म्हणून फौज वाढवली. हा झाला युद्धाचा भाग. पण त्याहून खोल कारण नाण्यात होते. सरकारचा महसूल रुपयात आणि विलायतेतला खर्च, म्हणजे व्याज, पेन्शनी, गोऱ्या फौजेचा खर्च, पौंडात. चांदी स्वस्त झाल्याने जो रुपया पूर्वी जवळजवळ दोन शिलिंगांचा होता तो दीड शिलिंगांवर आला होता. तेच देणे फेडायला दरवर्षी जास्त रुपये लागत. हा पेच डॉ. बाबासाहेबांनी १९२३ च्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये उलगडून दाखवला आहे. युद्ध संपते, पण घसरत्या रुपयाला तहाची तारीख नसते.

मग दुसरा मार्ग नव्हता का? होता, पण तो आधीच बंद केलेला होता. लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दडपणाखाली १८८२ मध्ये मीठ, दारू अशा मोजक्या वस्तू सोडून आयातीवरची जकात उठवली होती. विलायती कापड फुकट आत येऊ लागले आणि खजिन्याचे एक दार बंद झाले. जमीन महसूल ठरावीक वर्षांच्या बंदोबस्ताने बांधलेला, तो मनात आले म्हणून वाढवता येत नव्हता. अफूचे उत्पन्न बेभरवशाचे. उरले मीठ आणि आयकर. सरकारने दोन्ही घेतले : १८८६ मध्ये आयकर आणि, मधल्या काळात दोन रुपयांवर उतरवलेला मिठाचा कर १८८८ मध्ये पुन्हा अडीच रुपयांवर.

या वेळच्या कायद्यात तीन फरक होते. एक, त्यात मुदत घातली नाही. दोन, पाचशे रुपयांच्या आतल्यांना सोडले, म्हणून ओरड कमी झाली. महिना पन्नास रुपयांच्या पगारदाराला रुपयामागे चार पै, म्हणजे वर्षाला साडेबारा रुपये. तिसरा फरक सर्वांत मोठा : शेतीचे उत्पन्न पूर्ण माफ. कारण असे दिले, की जमिनीवर आधीच सारा आणि पट्ट्या आहेत. पण सारा भरून उरलेले पन्नास हजार खिशात घालणारा जमीनदार आणि सारा भरून उपाशी राहणारा कुणबी या दोघांना त्या एका शब्दाखाली एकत्र लपवले गेले. आमच्या मते कर टिकला तो इथे. ज्यांच्यात तो पाडण्याची ताकद होती त्यांना बाहेर काढले. आत राहिले नोकरदार आणि व्यापारी, आणि एवढ्या विरोधाने कर पडत नाही. ती माफी पुढे संविधानातही आली : केंद्राच्या यादीत आयकर आहे तो "शेती उत्पन्न सोडून".

त्यानंतरच्या युद्धांनी या झाडाला पाणीच घातले. पहिल्या महायुद्धात १९१६ ला चढते दर आले, १९१७ ला मोठ्या उत्पन्नावर सुपर टॅक्स आला. युद्ध थांबले, सुपर टॅक्स थांबला नाही. दुसऱ्या महायुद्धातला जादा नफ्यावरचा कर १९४६ मध्ये संपला खरा, पण १९४४ मध्ये महागाई रोखण्यासाठी आणलेली आगाऊ करभरण्याची पद्धत राहिली. तीच आजचा ॲडव्हान्स टॅक्स.

कायद्याची एक खुबी आम्ही वकील म्हणून सांगतो. १९२२ च्या कायद्याने दर बाहेर काढून दरवर्षीच्या फायनान्स ॲक्टवर सोपवले. कागदावर आजही आयकर वर्षावर्षाचाच आहे, संसदेने दर मंजूर केला तरच तो लागतो. पण १९६१ च्या कायद्यात कलम २९४ घातले : १ एप्रिलला नवा दर मंजूर नसेल, तर मागच्या वर्षीचा किंवा विधेयकातला, करदात्याला जो सोयीचा तो लागू. मरण्याची तारीख दरवर्षी येते आणि दरवर्षी मरण टळते.

आपल्या औरंगाबादचा इतिहास थोडा वेगळा आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो. हैदराबादचा स्वतःचा आयकर कायदा १३५७ फसलीचा, म्हणजे १९४७-४८ च्या सुमाराचा. हिंदुस्थानचा कायदा इथे आला तो १ एप्रिल १९५० पासून. विल्सनचे कर्ज फेडायला मराठवाड्यातल्या कारकुनाने आयकर भरला नाही. त्याला कर भेटला तो प्रजासत्ताकाचा म्हणून.

आता मूळ प्रश्न : हा कर जावा का? महाराष्ट्रात 'अर्थक्रांती'सारखे प्रस्ताव येतात की आयकरासह सारे कर काढा आणि बँकेतल्या व्यवहारावर एकच कर घ्या. ऐकायला बरे वाटते. पण १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी नेमके हेच मोजमाप लावले होते. शेतसारा उत्पन्न न पाहता लहानमोठ्या प्रत्येक शेतकऱ्याकडून घेतला जातो, पीक बुडाले तरी. आयकर मात्र उत्पन्न झाले तरच द्यावा लागतो. त्यांचा आक्षेप पहिल्यावर होता. व्यवहारावरचा कर देणाऱ्याचे उत्पन्न विचारत नाही, मीठही विचारत नव्हते. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नाला आयकरातून मोकळे केले. चिकलठाण्यातल्या बहुतेक कामगारांना आता आयकर पडणार नाही. त्यांचा कर जीएसटीत आहे, आणि त्याची नोंद कोणत्याच फॉर्म सोळावर नसते. पुढच्या मार्चला येताना त्यांनी किराण्याची बिलेही सोबत आणावीत, आपण बेरीज करू.