अक्ष कापलेला आलेख म्हणजे अर्धी बातमी

परवा आमच्या गावच्या अभ्यासिकेत गेलो होतो. राज्यसेवा पूर्व परीक्षेची तयारी करणारी पोरं सरावाचा एक प्रश्न सोडवत होती. पुस्तक एकाकडेच, बाकीच्यांकडे ग्रुपवर आलेला पानाचा फोटो. एका कॉलेजची २०२१ आणि २०२२ ची विद्यार्थीसंख्या दाखवणारा स्तंभालेख होता. वाढ किती टक्के? फोटोवाल्या तिघांचं उत्तर १५०. पर्यायांत ते होतंही.

चूक पोरांची कमी, फोटोची जास्त. डावीकडचा अक्ष कापला गेला होता. दुसरा स्तंभ पहिल्याच्या अडीचपट उंच, म्हणून १५० टक्के वाढ. मूळ पान उघडलं तर अक्ष शून्यापासून नाही, ४०० पासून सुरू होत होता. पहिला स्तंभ ४८० वर, दुसरा ६०० वर.

आता पायरीपायरीनं बघू. फरक १२०. भागायचं कशाला? आधीच्या वर्षाला. १२० भागिले ४८०, म्हणजे २५ टक्के. ६०० ने भागलं की २० येतात, आणि तोही पर्याय तिथे हजर असतो.

त्याच पानावर दोन वर्तुळालेख होते. विज्ञान शाखेचा वाटा २०२१ मध्ये ३० टक्के, २०२२ मध्ये २७ टक्के. दोन्ही वर्षांच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचं गुणोत्तर विचारलं होतं. एकानं पटकन ३०:२७, म्हणजे १०:९ सांगितलं. पण दोन्ही वर्तुळं वेगवेगळ्या एकूण संख्येची आहेत. आधी संख्या काढायची: ४८० चे ३० टक्के १४४, ६०० चे २७ टक्के १६२. दोन्हींना १८ ने भागा, ८:९. वाटा घटला, पण पोरं १८ ने वाढली. १८ भागिले १४४, म्हणजे १२.५ टक्के वाढ. फोटो तिरका असेल तर वर्तुळ लंबगोल होतं, मग फोडींचा अंदाज डोळ्यानं घ्यायचाच नाही, लिहिलेला आकडाच वापरायचा.

हे मी का सांगतोय? कारण आम्ही पत्रकारही हेच करतो. वाटा ३० वरून २७ वर आला की ‘विज्ञानाकडे ओढा घटला’ असा मथळा ठोकतो, एकूण आकडा बघतच नाही. वाचक फसतो, पण आमचे गुण कापले जात नाहीत. या पोरांचे कापले जातात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण वजा.

म्हणून ग्रुपवर प्रश्न टाकणाऱ्या सर-मॅडमना आणि दादा-ताईंना एकच विनंती. फोटो काढताना शीर्षक, दोन्ही अक्ष, एकक आणि एकूण संख्या चौकटीत येतेय का बघा. नसेल येत तर खाली टाइप करा. आणि पोरांनो, अक्ष दिसत नसेल तर उत्तर काढू नका, आधी पूर्ण पान मागा. मागण्यात लाज कसली?