जर्नल तपासा, पण उलट्या बाजूने!

सबमिशनचा आठवडा. रात्रीचे दोन वाजलेत, मेसमधला चहा कधीच संपलाय आणि विंगमधल्या प्रत्येक खोलीत कोणी ना कोणी जर्नल पुढ्यात घेऊन बसलंय. "झालं का रे लिहून?" "झालं. एकदा नजर टाकतो आणि झोपतो."

माझा आक्षेप आहे तो या 'नजर टाकण्या'वर. मागच्या सेमिस्टरला मी टेन्साइल टेस्टच्या रिपोर्टवर एकदा नाही, तीनदा नजर टाकली होती. शुद्धलेखन सुधारलं, मार्जिन आखली, शीर्षकांखाली रेघा मारल्या. २५ पैकी १६ मिळाले. सरांनी परत दिलेल्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर चिकटवलेलं रुब्रिक होतं. ते मी चिकटवलं तेव्हाच काय ते शेवटचं पाहिलं होतं!

आमचं रुब्रिक असं होतं: हेतू व सिद्धांत ३, निरीक्षण तक्ता एकक आणि लीस्ट काउंटसह ५, नमुना गणना ५, आलेख ५, निष्कर्ष व कारणासह चर्चा ५, मांडणी २. मी तीन वेळा जे वाचलं ते सगळं त्या शेवटच्या दोन मार्कांत बसणारं होतं.

असं का होतं? आपण स्वतः लिहिलेलं पहिल्या पानापासून वाचायला लागलो की डोळे कागदावर असतात, पण वाचतो ते डोक्यातलं. जे लिहिलेलंच नाही ते दिसत नाही, कारण ते आपल्याला माहीत असतं. म्हणून माझं स्पष्ट मत झालंय, की शेवटची तपासणी रिपोर्टकडून रुब्रिककडे नको, रुब्रिककडून रिपोर्टकडे हवी. रुब्रिकची एक ओळ वाचायची, तिला मार्क देणारी जागा रिपोर्टमध्ये शोधायची आणि ओळीसमोर पेन्सिलने पान नंबर लिहायचा. पान नंबर लिहिता आला नाही तर ती गोष्ट रिपोर्टमध्ये नाही. 'कुठेतरी लिहिलंय' हे उत्तर चालत नाही.

माझाच रिपोर्ट घ्या. माइल्ड स्टीलचा रॉड, व्यास १०.० मिमी, यील्ड लोड २१.२ किलोन्यूटन. क्षेत्रफळ ७८.५ चौ. मिमी, म्हणजे यील्ड स्ट्रेस २७० न्यूटन प्रति चौ. मिमी. सगळं लिहून झाल्यावर पार्टनरला आठवलं, की आपल्या व्हर्नियरला अधिक ०.१ मिमी झीरो एरर होती. म्हणजे खरा व्यास ९.९, क्षेत्रफळ ७७.० आणि स्ट्रेस २७५. आम्ही नमुना गणना सुधारली, रिझल्ट टेबल सुधारलं आणि खूश झालो. निष्कर्षात मात्र २७०च राहिले, आलेखावरच्या यील्ड पॉइंटशेजारीही २७०. आणखी गंमत म्हणजे तुटल्यानंतरचा मानेचा व्यास, ६.२ मिमी, त्याच व्हर्नियरने मोजलेला होता. तो कोणी सुधारलाच नाही! एक व्यास सुधारलेला आणि दुसरा न सुधारलेला, अशा जोडीतून क्षेत्रफळातली घट ६०.८ टक्के निघाली. दोन्ही सुधारले असते तर ६२.० आली असती.

सरळ वाचताना हे सापडणं कठीण, कारण प्रत्येक पान आपापल्या जागी बरोबरच वाटतं. रुब्रिकच्या क्रमाने जाताना आकडा हातात धरून जावं लागतं. 'नमुना गणना'च्या ओळीवर २७५ दिसले, तर 'आलेख'च्या ओळीवर तेच दिसायला हवेत आणि 'निष्कर्षा'तही तेच. मी आता यील्ड स्ट्रेससारखा एकच महत्त्वाचा आकडा निवडून त्याला पेन्सिलने गोल करतो आणि रिपोर्टमध्ये तो जिथे जिथे येतो तिथे तिथे गोल करत जातो. दोन गोलांत वेगळे आकडे सापडले की दुरुस्तीची जागा मिळाली.

दुसरी गोष्ट, रुब्रिकमधले शब्द नीट वाचायचे. 'कारणासह चर्चा' असं लिहिलं होतं. मी लिहिलं होतं, "ह्यूमन एररमुळे यंग्ज मॉड्युलस कमी आला." त्यात कारण कुठे आहे? आमचा मॉड्युलस सुमारे १२.५ गिगापास्कल आला होता. पोलादाचा सुमारे २०० असतो. इतकी ह्यूमन एरर करायला माणूस खरंच थोर हवा! खरं कारण साधं होतं. ५० मिमी गेज लेंथमध्ये यील्डपर्यंत पोलाद जेमतेम ०.०७ मिमी ताणतं. मशिनच्या आलेखावर मात्र १.१ मिमी सरक दिसत होती, कारण त्यात जबड्यांतली पकड बसणं, मशिनचं स्वतःचं ताणणं, सगळंच आलं. एक्स्टेन्सोमीटर लावला नव्हता, म्हणून तो आलेख मॉड्युलस काढायला योग्यच नव्हता. हे मला ओरलच्या वेळी तोंडपाठ होतं. कागदावर नव्हतं.

आता पद्धतीबद्दल थोडं. तपासताना दुरुस्ती करायची नाही, फक्त खूण करायची. मध्येच आलेख खोडायला बसलात की आधीच्या ओळी तपासल्या होत्या की नाही हे विसरता. सगळ्या ओळी संपल्या की एकदमच दुरुस्त्या करायच्या आणि ज्या ओळींना त्या दुरुस्तीचा धक्का लागतो तेवढ्याच पुन्हा पाहायच्या. आमच्या सहा ओळींच्या रुब्रिकला मला पंचवीस मिनिटं पुरतात. तीनदा नजर टाकण्यात याहून जास्त वेळ गेला होता.

आमच्या विंगमध्ये यावर वाद झाला. एक मित्र म्हणाला, "हे म्हणजे मार्कांसाठी लिहिणं झालं. रुब्रिक बघून रिपोर्ट सजवायचा, मग प्रयोग कशाला करायचा?" त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. रुब्रिक समोर ठेवून बसलं की हात शिवशिवतात. मॉड्युलस १२.५ आलाय, दोनचार रीडिंग जरा 'ॲडजस्ट' केली तर २०० यायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या शेवटच्या फेरीत निरीक्षण तक्त्यातल्या आकड्यांना हात लावायचा नाही. लॅबमध्ये सही झालेलं रीडिंग आहे तसं राहील. त्या ओळीवर फक्त एकक आणि लीस्ट काउंट लिहिलंय का एवढंच पाहायचं. झीरो एररची दुरुस्तीसुद्धा मूळ रीडिंग खोडून नाही, शेजारी वेगळा रकाना करून. तक्त्यापासून पुढचं सगळं सुधारता येतं, तक्ता नाही. हा नियम पाळला तर तीच फेरी तुम्हाला २००चा खोटा आकडा न लिहिता १२.५ का आला हे लिहायला लावते, आणि मार्क त्यालाच आहेत.

अर्थात रीडिंगच चुकीचं घेतलं असेल तर रुब्रिक काही करू शकत नाही. व्हर्नियरची झीरो एरर आम्हाला पार्टनरच्या आठवणीने सापडली, रुब्रिकने नाही. ते काम लॅबमध्ये, रॉड तुटायच्या आधीच करायचं असतं.

तर मित्रहो, आज रात्री 'नजर टाकून' झोपण्याआधी जर्नलचं पहिलं पान उघडा आणि प्रत्येक ओळीसमोर पान नंबर लिहिता येतो का बघा. एखाद्या ओळीसमोरची जागा रिकामी राहिली, तर सरांच्या आधी ती तुम्हाला सापडली एवढं तरी समाधान मिळेल.