मिश्रणाच्या चाचणीला दोन तास द्या

अडुसष्ट वर्षांचा एक शेतकरी घ्या. आयुष्यात त्याला कधी रक्तस्रावाचा त्रास झालेला नाही. दात काढले, हर्नियाचे ऑपरेशन झाले, तेव्हाही काही झाले नाही. आता मात्र महिनाभरात दंडावर, पोटावर तळहाताएवढे काळे-निळे डाग उमटले आहेत. ताप आला म्हणून कमरेत इंजेक्शन घेतले, तर तिथे गाठ आली आणि मांडी ताणून सुजली. गावच्या दवाखान्यात त्याला 'पू झालाय, चिरा द्यावा लागेल' असे सांगण्यात आले. सुदैवाने चिरा देण्याआधी रक्त तपासले गेले. प्लेटलेट्स उत्तम, प्रोथ्रॉम्बिन टाइम नॉर्मल. फक्त 'एपीटीटी' ८२ सेकंद. त्या प्रयोगशाळेत निरोगी माणसाचा एपीटीटी ३६ सेकंदांच्या आत येतो.

एपीटीटी म्हणजे रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, काचेत ठराविक रसायने घालून किती सेकंदांत गोठतो ते मोजणे. गोठण्यासाठी फॅक्टर ८, ९, ११, १२ अशी प्रथिने साखळीने काम करतात. साखळीतली एखादी कडी कमी असली की वेळ वाढतो. पण सगळ्या कड्या शाबूत असूनही वेळ वाढू शकतो. रक्तात एखादा विरोधक फिरत असेल, म्हणजे शरीरानेच एखाद्या फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंड तयार केले असतील, तर तो कडी तोडत राहतो. यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. ८२ हा आकडा यातले काय घडले आहे ते सांगत नाही.

ते सांगते मिश्रण चाचणी. रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसांचा प्लाझ्मा समान प्रमाणात मिसळून एपीटीटी पुन्हा करायचा, एवढीच ती चाचणी. यामागचा हिशेब सोपा आहे. निरोगी रक्तात प्रत्येक फॅक्टर शंभर टक्के धरला, तर रुग्णाकडे तो शून्य असला तरी निम्म्या मिश्रणात पन्नास टक्के होतो, आणि एपीटीटी नॉर्मल यायला साधारण तेवढा पुरतो. म्हणून मिश्रणाची वेळ नॉर्मल झाली तर कमतरता समजायची. वेळ वाढलेलीच राहिली, तर रुग्णाच्या रक्तातला विरोधक नव्या प्लाझ्मालाही अडवतो आहे असे समजायचे.

आपल्या रुग्णाचे मिश्रण लगेच तपासले तेव्हा ३७ सेकंद आले. म्हणजे जवळजवळ नॉर्मल. इथे बऱ्याच ठिकाणी 'फॅक्टरची कमतरता' असा रिपोर्ट लिहून काम संपवले जाते. आक्षेप आहे तो नेमका इथे.

फॅक्टर ८ विरुद्धचा प्रतिपिंड तडकाफडकी काम करत नाही. तो फॅक्टरला हळूहळू निकामी करतो, आणि त्यासाठी त्याला वेळ आणि शरीराएवढी ऊब लागते. मिसळल्याबरोबर मोजले, तर नव्याने घातलेला फॅक्टर अजून शाबूत असतो आणि निकाल नॉर्मल दिसतो. तेच मिश्रण वॉटर बाथमध्ये ३७ अंशांवर दोन तास ठेवले की त्याचा खरा रंग दिसतो. आपल्या रुग्णात दोन तासांनी तीच वेळ ६६ सेकंद झाली.

पण फॅक्टर ८ मुळातच नाजूक. उबेत ठेवला तर तो आपोआपही थोडा कमी होतो. मग वेळ वाढली ती विरोधकामुळे की नुसत्या उबेमुळे? यासाठी सोबत आणखी दोन नळ्या ठेवायच्या. एकीत फक्त रुग्णाचा प्लाझ्मा, दुसरीत फक्त निरोगी प्लाझ्मा. दोघांनीही तेच दोन तास त्याच उबेत काढायचे, पण वेगवेगळे. आणि शेवटी एकत्र करून लगेच मोजायचे. इथे हे दुसरे मिश्रण ४१ सेकंदांत गोठले. ऊब दोन्ही मिश्रणांना सारखीच मिळाली होती. ४१ आणि ६६ मधला फरक पडला तो दोन तास एकत्र राहिल्यामुळे, म्हणजेच विरोधकामुळे. पुढे फॅक्टर ८ ची पातळी मोजली, ती तीन टक्के निघाली. या आजाराला ॲक्वायर्ड हिमोफिलिया म्हणतात. तो जन्मजात नसतो. बहुतेकदा उतारवयात, कधी बाळंतपणानंतर काही महिन्यांत उद्भवतो, आणि निम्म्या रुग्णांत त्याचे कारणही सापडत नाही.

दोन तास वाचवल्याने काय बिघडले असते? 'कमतरता' असा शिक्का बसला असता, तर प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या असत्या, कदाचित फॅक्टर ८ ची महागडी इंजेक्शनेही दिली असती. विरोधकाने ती निकामी केली असती आणि मांडीतला रक्तस्राव चालूच राहिला असता. या आजारात रक्तस्राव थांबवायला फॅक्टर ८ ला वळसा घालून गोठण घडवणारी औषधे लागतात, आणि विरोधक नष्ट करायला प्रेडनिसोलोनसारखी औषधे आठवडेच्या आठवडे द्यावी लागतात. ती गाठ कापणे तर सर्वांत धोक्याचे. आत पू नव्हता, रक्त होते.

याच चाचणीचा उलटा उपयोगही तितकाच मोलाचा आहे. ऑपरेशनपूर्वी केलेल्या तपासणीत एखाद्या तरुणीचा एपीटीटी ५५ सेकंद येतो, कधीही रक्तस्राव झालेला नसतो, आणि मिश्रणाची वेळ लगेचच वाढलेली राहते. हे बहुधा ल्युपस अँटिकोॲग्युलंट असते. नाव रक्त पातळ करणाऱ्याचे, पण ते रक्तस्रावाऐवजी गुठळ्यांचा धोका वाढवते. अशा तरुणीला 'खबरदारी' म्हणून प्लाझ्मा चढवणे निरुपयोगी. खात्रीसाठी त्याच्या खास चाचण्या कराव्यात.

मात्र चाचणी जेवढी स्वस्त, तेवढी ती नमुन्याबाबत काटेकोर. हेपरिन दिलेल्या सलाइनच्या नळीतून रक्त काढले, तर हेपरिनच विरोधकाचे सोंग घेते. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर सायट्रेट जास्त होऊन एपीटीटी उगाच वाढतो. प्लाझ्मात प्लेटलेट्स उरल्या, तर त्या ल्युपस अँटिकोॲग्युलंटला झाकून टाकतात; म्हणून तो सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवून घ्यावा लागतो. आणि निरोगी प्लाझ्मा म्हणून एकट्या तंत्रज्ञाचे रक्त वापरणे चुकीचे. तो अनेक दात्यांच्या प्लाझ्माचा एकत्र केलेला साठा हवा, नाहीतर त्या एकाच दात्याचा एखादा फॅक्टर कमी असला की सगळा हिशेब चुकतो.

चाचणीच्या मर्यादाही आहेत. कोणता फॅक्टर कमी आहे किंवा विरोधक कोणाविरुद्ध आहे, हे ती सांगत नाही. सौम्य विरोधक तिच्या हातून निसटूही शकतो. पण पुढची महागडी तपासणी कोणत्या दिशेने करायची, ते तीच ठरवते. त्यासाठी लागते काय? एपीटीटी करणारी कुठलीही प्रयोगशाळा, गोठवून ठेवलेला निरोगी प्लाझ्मा आणि वॉटर बाथ. यातले बहुतेक जिल्हा रुग्णालयांत आधीच असते. नसतो तो आग्रह.

म्हणून रिपोर्टवर मिश्रणाचा एकच आकडा पुरेसा मानू नये. लगेचची वेळ, दोन तासांनंतरची वेळ आणि वेगवेगळ्या उबवलेल्या प्लाझ्माच्या मिश्रणाची वेळ असे तीन आकडे छापावेत. रक्तस्राव होत असलेल्या वयस्कर रुग्णाच्या रिपोर्टवर 'मिश्रणाने सुधारला' एवढेच लिहिले असेल, तर डॉक्टरांनी प्रयोगशाळेला फोन करून 'उबवून पाहिले का' हे विचारायलाच हवे. आणि वाढलेल्या एपीटीटीचा अर्थ लागेपर्यंत सुजलेल्या मांडीला कुणी सुरी लावू नये, कमरेत आणखी एक इंजेक्शनही देऊ नये.