पहिले दहा खरंच घसरले का?

सध्या एका शिकवणी वर्गाच्या तक्त्याचा फोटो ग्रुपवर फिरतो आहे. पहिल्या चाचणीतले पहिले दहा विद्यार्थी, त्यांचे गुण आणि शेजारी दुसऱ्या चाचणीचे गुण. दहापैकी आठ जण खाली आलेले, सरासरी 90 वरून 81. खाली शेरा आहे : ‘सत्कार केला की मुलं बिघडतात. पुढच्या वेळेपासून बक्षीस आणि फीची सवलत बंद.’

आकडे खरे मानू. तरी शेरा त्यातून निघत नाही.

चाचणीचे गुण म्हणजे मुलाची तयारी आणि त्या दिवसाचं नशीब यांची बेरीज. वाचलेलाच धडा आला, अंदाजाने खूण केलेला पर्याय बरोबर निघाला, तब्येत ठीक होती. आपण सर्वात वरचे दहा निवडतो तेव्हा हुशार मुलं निवडतोच, पण त्या दिवशी नशीबही ज्यांच्या बाजूने होतं अशीच मुलं त्यात जास्त येतात. दुसऱ्या चाचणीत तयारी सोबत येते, नशीब नव्याने ठरतं. त्यामुळे हा गट सरासरीच्या दिशेने थोडा सरकतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

किती सरकेल? समजा, दोन्ही चाचण्यांत वर्गाची सरासरी 60 आहे, गुणांचा पसाराही सारखाच आहे आणि दोन चाचण्यांमधला सहसंबंध 0.7 आहे. पहिले दहा सरासरीच्या 30 गुण वर होते. त्यातले सात दशांश, म्हणजे 21 गुण टिकतील. 60 आणि 21 मिळून 81. सत्काराचा काहीही परिणाम न होता हाच आकडा आला असता. गट 70 वर आला असता, तर मात्र दुसरं कारण शोधावं लागलं असतं.

पारख सोपी आहे. दुसऱ्या चाचणीतले पहिले दहा घ्या आणि त्यांचे पहिल्या चाचणीतले गुण बघा. त्यांची सरासरीही तेव्हा कमीच दिसेल. उद्याचा सत्कार कालचे गुण तर कमी करू शकत नाही! तसेच तळाचे दहा तपासा. ते बहुधा वर सरकलेले असतील, आणि कुणीतरी त्याचं श्रेय रागावण्याला देत असेल. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांना इस्रायलच्या हवाई दलातले प्रशिक्षक असंच सांगत : शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं, ओरडलं की सुधारतं. तिथेही बहुतेक खेळ सरासरीचाच होता.

सत्काराचा परिणाम पाहायचाच असेल, तर जवळपास सारखे गुण मिळवलेल्या मुलांपैकी चिठ्ठ्या टाकून निम्म्यांचाच सत्कार करा आणि मग दोन्ही गटांची तुलना करा. तोवर फक्त वरच्या दहांच्या तक्त्यावरून एखाद्या गरीब घरातल्या मुलीची फीची सवलत काढून घेणं, म्हणजे तिच्या हातात नसलेल्या गोष्टीची तिला शिक्षा देणं आहे.