बाईंचा एक दिवस आणि 'आता कुठे राहिली जात?'

'शिकली, नोकरीला लागली, आता कुठे राहिली जात?' हा प्रश्न आपल्यातलेही काही जण हल्ली विचारतात. त्यांनी जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकेचा दिवस पाहावा. ओळखीच्या तिघींचे अनुभव मी एकत्र केले आहेत. आपण त्यांना नुसतं 'बाई' म्हणू.

पहाटे पाचला उठल्यापासून बाई एकाच वेळी बरंच काही असतात. मुलगी, बहीण, स्त्री, दलित हे त्यांना जन्माने मिळालं. त्यासाठी त्यांनी काही केलेलं नाही. याला अर्पित दर्जा म्हणतात. डी.एड. करून, परीक्षा देऊन त्या शिक्षिका झाल्या, तो अर्जित दर्जा. पत्नी, आई, संघटनेची सभासद हेही अर्जितच. हे सगळे दर्जे मिळून बाईंचा दर्जासंच होतो.

आपली पोरं परीक्षेत घोटाळा करतात तो पुढे. भूमिकासंच म्हणजे अनेक दर्जे नव्हेत. एकाच दर्जामुळे जी वेगवेगळी नाती निभवावी लागतात, तो भूमिकासंच. ही मांडणी रॉबर्ट मर्टनची, 1957 ची. बाईंचा फक्त 'शिक्षिका' हा दर्जा घ्या. पोरांसमोर त्या शिकवणाऱ्या, मुख्याध्यापकांच्या हाताखालच्या, केंद्रप्रमुखांना माहिती पुरवणाऱ्या, पालकांना जाब देणाऱ्या. साडेअकराला भागाकार ऐन रंगात आलेला असताना केंद्रप्रमुखांचा मेसेज येतो: पोषण आहाराची माहिती अर्ध्या तासात भरा. पोरांना बाई फळ्यापाशी हव्यात, साहेबांना मोबाइलवर. हा भूमिकेतला ताण. दर्जा एकच आहे. दुपारी घरून फोन येतो, मुलाला ताप आहे. आता आई आणि शिक्षिका हे दोन दर्जे एकमेकांसमोर उभे राहतात. हा भूमिकांचा संघर्ष. ओळखायची खूण सोपी: ओढणारी माणसं एकाच खुर्चीशी बांधलेली आहेत की वेगवेगळ्या, एवढं पाहा.

इथवर कोणत्याही जातीच्या शिक्षिकेचा दिवस असाच जाईल. पाठ्यपुस्तकही इथेच थांबतं.

डिसेंबरचा पहिला आठवडा. शाळा सुटल्यावर महिन्याच्या कार्यक्रमांची बैठक. 6 डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन: 'भाषण बाईंकडे.' कोणी विचारत नाही, ठरलेलंच असतं. 22 डिसेंबर, राष्ट्रीय गणित दिवस: तो दुसऱ्या सरांकडे. वरच्या वर्गांना गणित बाई शिकवतात, सर भाषा शिकवतात. बाबासाहेबांवर बोलायला बाईंना आनंदच आहे. पण गणित दिवस त्यांच्याकडे का नाही, याचं उत्तर शिक्षिकेच्या दर्जात सापडत नाही. ते अर्पित दर्जात सापडतं. जात हा दर्जासंचातला एक निमूट दर्जा नाही. ती शेजारच्या दर्जाच्या भूमिकासंचात घुसून कामं वाटते.

एव्हरेट ह्यूजेस या समाजशास्त्रज्ञाने 1945 साली अमेरिकेतल्या काळ्या डॉक्टरच्या उदाहरणावरून हेच दाखवलं होतं. समोरच्याला आधी रंग दिसतो, डॉक्टर नंतर. जो दर्जा बाकीच्यांवर स्वार होतो, त्याला वरचढ दर्जा म्हणू. हजेरीपटात बाईंची चूक झाली की 'कोट्यातून आलेल्या' अशी कुजबुज होते. सरांची चूक झाली की 'आज सरांचं लक्ष नव्हतं.' पहिल्या वाक्यात जन्म बोलतो, दुसऱ्यात माणूस. म्हणजे बाईंनी परीक्षा देऊन कमावलेला दर्जासुद्धा पुन्हा अर्पित ठरवला जातो, आणि सरांना जन्माने मिळालेला फायदा 'गुणवत्ता' म्हणून अर्जितात जमा होतो. माझा खरा आक्षेप या हिशेबावर आहे.

अर्पित आणि अर्जित ही जोडी राल्फ लिंटनने 1936 साली मांडली. त्याच वर्षी बाबासाहेबांचं 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झालं. माणसाचं काम त्याची कुवत न पाहता जन्मावरून आधीच ठरवून टाकण्यावर त्यांनी त्यात हल्ला चढवला. लिंटनने वर्गीकरण केलं; बाबासाहेबांनी विचारलं की हे वर्गीकरण कुणाच्या फायद्याचं आहे.

आणखी एक गाठ आहे, तिच्यावर आपल्या अभ्यासवर्गांत फारसं बोललं जात नाही. बाईंच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यांच्यासाठी 'बौद्ध' हा अर्जित दर्जा होता, विचार करून स्वीकारलेला. बाईंना तो जन्माने मिळाला. शिवाय बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरणारी दुरुस्ती 1990 साली केंद्राने केल्यामुळे दाखल्यावर जातही आहेच. धम्म पुढच्या पिढीत नुसता अर्पित उरतो की प्रत्येकाने तो नव्याने कमवायचा?

संध्याकाळी सहाच्या एसटीत शेजारची बाई सहज विचारते, 'तुमचं आडनाव काय हो?' बाई आडनाव सांगत नाहीत. म्हणतात, 'मी शिक्षिका आहे.' शेजारीण पुन्हा विचारते, 'ते झालंच, पण मूळ गाव कोणतं?'