घरबसल्या उद्योग : ब्लाऊजचे दर, सहा चित्रांत

मैत्रिणींनो, घरी शिवणकाम करणाऱ्या बाईला मशीनपेक्षा हिशोब जास्त दमवतो. आमच्या शेजारच्या वहिनींचेच पाहा ना! हात इतका सफाईदार, की गळा कधी सुटायचा नाही की बाही ओढायची नाही. पण गेल्या दिवाळीत त्यांच्या दारात एक गिऱ्हाईक तणतणत उभे. वहिनींनी फोनवर टाकलेल्या यादीत ‘ब्लाऊज २५० रु. पासून’ असे होते. बाईंनी शिवून घेतला अस्तराचा, मागे नाडी आणि लटकन लावून. बिल झाले ४५० रुपये. “यादीत तर अडीचशे लिहिलंय!” म्हणत त्यांनी तीनशे टेकवले आणि गेल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. अस्तराचे कापडसुद्धा वहिनींनी पदरचे घातले होते.

चूक कोणाची? बाईंनी वाचले ते खरे, आणि वहिनींनी लावले तेही रास्त. चुकली ती यादी. एकाच चित्रात बारीक अक्षरांत सत्तावीस ओळी होत्या. एवढे कोण वाचणार? डोळा पहिल्या, सर्वांत स्वस्त आकड्यावर थांबतो आणि तोच मनात बसतो.

मग आम्ही दोघी दुपारी बसलो आणि कॅरूसेल करायचे ठरवले. कॅरूसेल म्हणजे इन्स्टाग्रामवर एकाच पोस्टमध्ये बोटाने सरकवत पाहायची चित्रे. तिथे वीसपर्यंत चित्रे घालता येतात, पण आपल्याला सहा पुरतात. एका चित्रात एकच गोष्ट सांगायची, एवढा नियम पाळायचा.

आधी वही काढली. मागच्या दोन महिन्यांत वहिनींनी ८४ ब्लाऊज शिवले होते. त्यांत २२ साधे, ४७ अस्तराचे आणि ९ पॅड घातलेले प्रिन्सेस कटचे. उरले फक्त सहा, कोणाचे आरीकामाचे तर कोणाचे नेटच्या बाहीचे. म्हणजे सत्तावीस ओळींची गरजच नव्हती. तीन पायऱ्या केल्या की जवळजवळ सगळी गिऱ्हाइके त्यांत बसतात. तुम्हीही आधी आपली वही बघा, यादी मग लिहा.

आता सहा चित्रे कशी केली ते सांगते. पहिल्यावर फक्त ‘ब्लाऊज शिलाई’, वहिनींचे नाव, गल्ली आणि दर कधीपासून लागू ती तारीख. दुसऱ्यावर साधा ब्लाऊज, २५० रुपये : अस्तर नाही, पुढे हुक, गळा गोल किंवा चौकोनी. तिसऱ्यावर अस्तराचा, ४०० रुपये : पुढे हुक, सुती अस्तर कापडासकट, अस्तर आधी पाण्यातून काढलेले, गळ्याला पायपिन. चौथ्यावर पॅडचा प्रिन्सेस कट, ६५० रुपये : अस्तर, पायपिन आणि पॅड आमचे, हुक किंवा चेन, मध्ये एकदा घालून बघायला बोलावणार. हे दर वहिनींचे आहेत बरं का. तुमच्या गावचे वेगळे असतील.

पायऱ्यांना नावे देताना वहिनी म्हणाल्या, “सिल्व्हर, गोल्ड, प्रीमियम असं लिहू का? छान दिसतं.” मी म्हटले, “वहिनी, गोल्डमध्ये अस्तर येतं की नाही, हे विचारायला प्रत्येकीचा फोन येईल!” नाव असे हवे, की दर का वाढला ते नावातच कळावे. आणि प्रत्येक पायरीला वाढलेली गोष्ट तेवढी लाल अक्षरांत लिहिली. अस्तराच्या चित्रात ‘अस्तर कापडासकट’, ‘पाण्यातून काढलेले’ आणि ‘पायपिन’ लाल. अस्तर न भिजवता लावले तर पहिल्या धुण्यात आटते आणि वरचे कापड चुण्या पडून फुगते. ही मेहनत गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून ती लिहायलाच हवी. दीडशे रुपये जास्त का, याचे उत्तर तिथेच मिळते.

पाचवे चित्र वरखर्चाचे. भांडण इथेच होते, म्हणून याला वेगळी जागा. चारच ओळी : नाडी-लटकन ५०, साडीला फॉल-पिको १२०, तीन दिवसांत हवा असेल तर १५० जास्त, आरीकाम कापड बघून. शेवटच्याला आकडा घातला नाही, कारण कामाप्रमाणे तो खरोखरच बदलतो. ‘पासून’ हा शब्द मात्र कुठेच ठेवला नाही. चार ओळींखाली एक हिशोब मांडला : अस्तराचा ब्लाऊज ४००, नाडी-लटकन ५०, फॉल-पिको १२०, एकूण ५७० रुपये. असा एक बेरजेचा नमुना पाहिला, की गिऱ्हाईक आपला हिशोब घरूनच करून येते.

सहाव्यावर काय आणायचे ते : कापड, नीट बसणारा मापाचा ब्लाऊज आणि निम्मे पैसे आगाऊ. शिवाय किती दिवसांत मिळेल ते, आणि फोन नंबर.

सहाही चित्रांवर दर एकाच कोपऱ्यात आणि एकाच आकाराच्या अक्षरांत ठेवा, म्हणजे सरकवताना डोळा शोधत फिरत नाही. एका चित्रावर सात-आठ ओळींपेक्षा जास्त नकोत. तयार झाल्यावर फोन घरातल्या चष्मा लागलेल्या माणसाच्या हाती द्या, चष्म्याशिवाय! आमच्या परीक्षक वहिनींच्या सासूबाई. त्यांना पाचवे चित्र वाचता येईना, तेव्हा चार ओळींची अक्षरे मोठी केली.

एक गोष्ट मात्र आमच्या मागाहून ध्यानात आली. व्हॉट्सॲपवर बायका सगळी चित्रे पाठवत नाहीत, हवे तेवढे एकच पुढे ढकलतात. साध्या ब्लाऊजचे चित्र एकटेच फिरले, की पुन्हा तोच अडीचशेचा घोळ! म्हणून प्रत्येक चित्रावर नाव, नंबर, तारीख आणि ‘सहापैकी दुसरे’ असा क्रमांक घातला. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याच्या तळाशी ‘वरखर्च वेगळा, चित्र पाचवे पाहा’ ही ओळ टाकली. स्टेटसवर ठेवले तर ते चोवीस तासांत जाते, तेव्हा सणाच्या आधी पुन्हा ठेवावे लागते.

दर वाढवाल तेव्हा जुनी पोस्ट काढून नवी टाका. चित्रातला आकडा मागाहून बदलता येत नाही. पण लोकांच्या फोनमधले जुने चित्र आपल्या हातात नसते. कोणी ते घेऊन आले, तर तारखेवर बोट ठेवता येते.

संक्रांतीच्या आधी वहिनींकडे एक नवी बाई आली. कापड पुढे ठेवले आणि म्हणाली, “तिसरं चित्र, वर लटकन. साडेचारशे ना?” वहिनींनी वहीत लिहिले, सव्वादोनशे आगाऊ घेतले आणि मापाचा ब्लाऊज मागितला. एवढेच बोलणे झाले.